परिस्थितिकीय कोनाडा आणि स्पर्धात्मक अपवर्जन

एखाद्या जातीला जगायला, वाढायला आणि पुढची पिढी जन्माला घालायला जी परिस्थिती व साधने लागतात, आणि ती जाती त्यांचा ज्या रीतीने वापर करते, त्या सगळ्याला मिळून त्या जातीचा परिस्थितिकीय कोनाडा किंवा ‘निश’ म्हणतात. एकाच मर्यादित साधनावर, त्याच परिस्थितीत आणि त्याच रीतीने जगणाऱ्या दोन जाती कायमच्या एकत्र राहू शकत नाहीत. एक टिकते, दुसरी नाहीशी होते. हे झाले स्पर्धात्मक अपवर्जनाचे तत्त्व. रशियन शास्त्रज्ञ गॉझ यांनी पॅरामिशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जाती एकाच नळीत वाढवून ते दाखवले. त्यांचे पुस्तक 1934 सालचे असून तत्त्वालाही त्यांचेच नाव चिकटले आहे.

‘निश’चा मूळ अर्थ भिंतीतला कोनाडा. पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांत दिवा ठेवायला असायचा तसा. शब्द सोयीचा आहे, पण थोडा फसवाही आहे. वाड्यातला कोनाडा दिवा असो वा नसो, भिंतीत असतोच. जातीचा कोनाडा मात्र कुठल्या जागेचे नाव नाही. तो त्या जातीच्या गरजांचा आणि सवयींचा हिशेब आहे. त्यामुळे ‘निश म्हणजे प्राणी राहतो ती जागा’ हे पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांत हमखास सापडणारे वाक्य चूक आहे. जागेला अधिवास म्हणतात.

हा फरक स्वयंपाकघरातल्या गव्हाच्या डब्यात चांगला दिसतो. वर्षाचे गहू एरंडेल चोळून भरले, तरी पावसाळ्यात कधीतरी त्यात सोंडे होतात. सोंड्याची मादी अखंड दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि अळी दाणा आतून पोखरत वाढते. त्याच डब्यात तळाशी तांबूस, चपटे, जेमतेम तीन-चार मिलिमीटरचे पिठातले किडेही असतात. त्यांना धडधाकट दाणा सहसा फोडता येत नाही. फुटके दाणे, भुसा आणि सोंड्याने पाडलेला भुगा यांवर त्यांचे चालते. अधिवास एकच, डबा, कोनाडे दोन. म्हणून दोघे एकत्र नांदतात. तेच गहू गिरणीतून दळून आणले की सोंड्याला अंडे घालायला दाणाच उरत नाही, आणि पीठ त्या दुसऱ्या किड्याच्या ताब्यात जाते.

आता त्याच पिठात दोन्ही जाती पीठ खाणाऱ्याच सोडल्या तर? शिकागो विद्यापीठातले थॉमस पार्क यांनी हे अनेक वर्षे करून पाहिले. त्यांच्या दोन जाती म्हणजे ट्रायबोलियम कॅस्टेनियम आणि ट्रायबोलियम कन्फ्युझम. दुसरीची इतरांशी इतकी गल्लत होत असे की नावातच गोंधळ आला. भिंगाखाली पहिलीच्या शृंगिकेची शेवटची तीन पेरे एकदम फुगीर दिसतात, तर दुसरीची शृंगिका टोकाकडे हळूहळू जाड होत जाते.

पार्क यांची मांडणी साधी होती. काचेच्या छोट्या नळीत आठ ग्रॅम पीठ, त्यात थोडे यीस्ट. काही नळ्यांत एकच जाती, काहींत दोन्ही. दर 30 दिवसांनी पीठ चाळायचे, किडे मोजायचे आणि त्यांना ताज्या पिठात परत सोडायचे. 1954 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांनी सहा हवामाने घेतली: तापमान 34, 29 किंवा 24 अंश सेल्सियस आणि प्रत्येकाबरोबर आर्द्रता 70 किंवा 30 टक्के.

मिश्र नळ्यांत शेवटी जवळजवळ नेहमी एकच जाती उरली. तत्त्व सांगते तेवढे इथे खरे ठरले. पण कोणती उरेल, हे हवामानावर अवलंबून होते. उष्ण-दमट हवेत प्रत्येक वेळी कॅस्टेनियम जिंकली आणि थंड-कोरड्या हवेत प्रत्येक वेळी कन्फ्युझम. मधल्या हवामानांत निकाल निश्चित नव्हता. उष्ण-कोरड्या नळ्यांपैकी सुमारे 90 टक्के कन्फ्युझमच्या वाट्याला गेल्या, उरलेल्या कॅस्टेनियमच्या. ‘बलवान जाती जिंकते’ असे उत्तर लिहिणाऱ्याने इथे थांबून विचार करावा, कारण तीच जाती एका हवेत बलवान आणि दुसऱ्या हवेत दुबळी ठरते.

खरी मेख मात्र एकट्या जातीच्या नळ्यांत आहे, आणि वर्गात नेमक्या त्याच वगळल्या जातात. उष्ण-कोरड्या हवेत कॅस्टेनियम एकटी असेल तर तगून राहते. कन्फ्युझम सोबतीला आली की बहुतेक वेळा संपते. म्हणजे ती हवा तिच्या मूलभूत कोनाड्यात बसते, पण स्पर्धकासमोर प्रत्यक्षात तिच्या हाती जो कोनाडा उरतो, त्यातून ती हवा बहुधा निसटते. मूलभूत आणि प्रत्यक्ष कोनाडा हा भेद परिस्थितिकीशास्त्रज्ञ हचिन्सन यांनी 1957 मध्ये मांडला, तो हाच. उलट थंड-कोरड्या हवेत कॅस्टेनियम एकटी असली तरी काही काळाने मरून जाते. तिथल्या मिश्र नळीत ती नाहीशी झाली म्हणून तिला स्पर्धेने हाकलले, असा निष्कर्ष काढता येत नाही. ती हवाच तिला सोसत नव्हती. एकट्या नळ्या ठेवल्या नसत्या तर दोन्ही निकाल सारखेच दिसले असते.

‘स्पर्धा’ म्हणजे अन्नाची ओढाताण, असेही इथे धरून चालत नाही. या किड्यांचे प्रौढ आणि अळ्या पिठातली अंडी व कोष खातात, स्वतःच्या जातीचे आणि दुसऱ्याही. नळीत गर्दी झाली की कोण कोणाची अंडी किती खातो, यावर निकाल बराच ठरतो. शिवाय तिसरा कोणी मध्ये आला तर पारडे फिरते. पार्क यांच्या आधीच्या, 1948 सालच्या प्रयोगांत अॅडेलिना नावाचा एकपेशीय परजीवी नळ्यांत होता, तेव्हा बहुतेक वेळा कन्फ्युझम जिंकली. परजीवी काढून टाकल्यावर कॅस्टेनियमचे विजय वाढले.

आठ ग्रॅम पिठाची बंद नळी आणि आपले स्वयंपाकघर यांत मात्र बरेच अंतर आहे. नळीतून कुणी बाहेर जात नाही, बाहेरून कुणी येत नाही, हवा महिनोन्‌महिने तीच राहते आणि निकाल लागेपर्यंत पिढ्यांमागून पिढ्या जातात. घरात दळण दर आठवड्याला नवे येते, आणि पुण्याची हवा एप्रिलमध्ये उष्ण-कोरडी, जुलैत दमट, डिसेंबरात थंड-कोरडी असते. एक जाती पुरती हरण्याआधीच फासे पुन्हा पडतात. त्यामुळे बाहेरच्या जगात सारख्या सवयींच्या दोन जाती एकत्र दिसल्या, तर तत्त्व खोटे पडले असे म्हणता येत नाही. त्याच्या अटी तिथे लागू नसतात.

याच्या उलट टोकाची चूकही होते. पाषाण तलावाच्या काठी छोटा खंड्या काठीवर बसून खाली सूर मारतो, कवड्या खंड्या पाण्यावर हवेत फडफडत थांबून मासा हेरतो, आणि पांढऱ्या छातीचा खंड्या पाण्यापासून दूर बागेतही टोळ आणि सरडे पकडतो. कोनाड्यांची वाटणी म्हणून उदाहरण सुरेख आहे. ही वाटणी स्पर्धेमुळे झाली, असे मात्र नुसत्या निरीक्षणावरून लिहू नये. त्यासाठी एक जाती काढून घेतल्यावर दुसरी तिच्या जागी पसरते का, हे पाहावे लागते. जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या खडकांवर बार्नॅकल या खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी समुद्री प्राण्याच्या दोन जातींबाबत तसे केले आणि 1961 मध्ये निकाल छापला. खालच्या पट्ट्यातली जाती खरवडून काढल्यावर वरची जाती खालीही वाढली. वरची काढल्यावर खालची मात्र फारशी वर सरकली नाही, कारण वरच्या खडकावर ओहोटीच्या वेळी ती सुकून मरते.