उत्कलनबिंदू-संघटन आलेख आणि अझिओट्रोप

दोन द्रवांचे मिश्रण ठरावीक दाबाखाली किती तापमानाला उकळेल आणि त्यातून निघणाऱ्या वाफेत कोणता घटक किती असेल, हे दाखवणारा आलेख म्हणजे उत्कलनबिंदू-संघटन आलेख. भागशः ऊर्ध्वपातनाने मिश्रणातले घटक कुठवर वेगळे होतील आणि कुठे अडतील, ते यावरून काम सुरू करण्यापूर्वीच कळते. जिथे ते अडते त्या मिश्रणाला अझिओट्रोप म्हणतात. या नोंदीत एथेनॉल आणि पाणी ही जोडी घेतली आहे, कारण आलेखातल्या बहुतेक खाचाखोचा तिच्यात सापडतात.

आडव्या अक्षावर एथेनॉलचे प्रमाण मोल टक्क्यांत असते. डावे टोक म्हणजे शुद्ध पाणी, उजवे टोक म्हणजे शुद्ध एथेनॉल. उभ्या अक्षावर तापमान असते. आलेखात दोन वक्र असतात. खालचा वक्र द्रवाचा, म्हणजे त्या संघटनाचा द्रव कोणत्या तापमानाला उकळू लागेल ते सांगणारा. वरचा वक्र वाफेचा, म्हणजे त्या संघटनाची वाफ थंड होताना कोणत्या तापमानाला पहिला थेंब धरेल ते सांगणारा. खालच्या वक्राखाली सगळा द्रव, वरच्या वक्राच्या वर सगळी वाफ आणि दोहोंच्या मधल्या पट्ट्यात दोन्ही एकत्र नांदतात. एकाच तापमानाला दोन्ही वक्रांना जोडणारी आडवी रेघ म्हणजे टाय-लाइन. तिचे डावे टोक द्रवाचे संघटन देते आणि उजवे टोक त्याच्याशी समतोलात असलेल्या वाफेचे. (अझिओट्रोपच्या पलीकडे ही टोके अदलाबदल होतात, ते पुढे येईल.)

समुद्रसपाटीच्या दाबाखाली, म्हणजे ७६० मिलिमीटर पाऱ्याला, या जोडीचे काही आकडे असे आहेत:

| तापमान (°से.) | द्रवात एथेनॉल (मोल %) | वाफेत एथेनॉल (मोल %) |
|---|---|---|
| ९५.५ | १.९ | १७.० |
| ८६.७ | ९.७ | ४३.८ |
| ८२.७ | २३.४ | ५४.५ |
| ७९.८ | ५०.८ | ६५.६ |
| ७८.४ | ७४.७ | ७८.२ |
| ७८.१५ | ८९.४ | ८९.४ |

आलेख वाचताना पहिली चूक एककांची होते. बाटलीवरचे टक्के वजनाचे किंवा आकारमानाचे असतात, आलेखातले मोलचे. एथेनॉलचा रेणुभार ४६ आणि पाण्याचा १८ असल्यामुळे ९.७ मोल टक्के म्हणजे वजनाने जवळजवळ साडेएकवीस टक्के. शेवटच्या ओळीतले ८९.४ मोल टक्के म्हणजे वजनाने ९५.६ टक्के आणि आकारमानाने सुमारे ९७ टक्के. रूपांतर न करता आलेखावर बिंदू टाकला की पुढची प्रत्येक पायरी चुकते.

आता २० मोल टक्के एथेनॉल असलेले मिश्रण बंद व्यवस्थेत तापवत न्या. सुमारे ८३.४ अंशांना ते उकळू लागते. ८६.७ अंशांना पोहोचल्यावर टाय-लाइन सांगते, की उरलेल्या द्रवात ९.७ आणि वाफेत ४३.८ मोल टक्के एथेनॉल आहे. किती द्रव आणि किती वाफ, हे तरफेच्या नियमाने निघते. एकूण संघटनापासून द्रवाच्या टोकापर्यंतचे अंतर भागिले टाय-लाइनची पूर्ण लांबी म्हणजे वाफेचा वाटा: (२० − ९.७) ÷ (४३.८ − ९.७), म्हणजे साधारण ०.३०. दहा मोल मिश्रणातले तीन मोल वाफ झाले. इथे अनेकजण उलट बाजूची लांबी घेतात. पडताळा सोपा आहे: एकूण बिंदू ज्या टोकाच्या जवळ, ती अवस्था जास्त.

भागशः ऊर्ध्वपातन या आलेखावर पायऱ्यांनी दिसते. फ्लास्कमध्ये ९.७ मोल टक्क्यांचा द्रव उकळतो आहे. त्याची वाफ ४३.८ टक्क्यांची. ती कॉलममध्ये वर जाऊन द्रवली, की ४३.८ टक्क्यांचा नवा द्रव मिळतो, म्हणून टाय-लाइनच्या उजव्या टोकावरून सरळ खाली द्रव-वक्रावर यायचे. हा द्रव सुमारे ८०.४ अंशांना उकळतो आणि ६२.९ टक्क्यांची वाफ देतो. पुन्हा खाली, पुन्हा उजवीकडे: ७१.३, मग ७६.१, मग ७९.२. अशी प्रत्येक पायरी म्हणजे एक सैद्धांतिक थर. पहिली पायरी फ्लास्कमध्येच होते, कॉलमचे थर त्यापुढचे.

या आकड्यांमधली वाढ पाहा. पहिल्या पायरीला ३४ टक्क्यांची उडी, दुसरीला १९, तिसरीला ८, चौथीला जेमतेम ५ आणि पाचवीला ३. दोन्ही वक्र जवळ येत जातात, टाय-लाइन आखूड होत जाते आणि ८९.४ ला तिची लांबी शून्य होते. तिथे वाफ आणि द्रव यांचे संघटन एकच, म्हणून पुढे पायरीच उरत नाही. कॉलम कितीही उंच केला तरी या बाजूने तो बिंदू ओलांडता येत नाही. हाच अझिओट्रोप. ७८.१५ अंशांना तो शुद्ध द्रवासारखा एकाच तापमानाला, संघटन न बदलता उकळतो. तरी तो संयुग नाही, कारण दाब बदलला की त्याचे संघटनही बदलते.

हे घडते ते पाण्याच्या वागण्यामुळे. ७८ अंशांना शुद्ध पाण्याचा बाष्पदाब वातावरणीय दाबाच्या सुमारे ०.४३ पट असतो, म्हणून पाणी मागे राहायला हवे. पण एथेनॉलच्या गर्दीत अडकलेल्या थोड्या पाण्याला स्वतःचे हायड्रोजन बंधांचे जाळे नीट विणता येत नाही आणि ते अपेक्षेपेक्षा सहज बाहेर पडते. ८९.४ टक्क्यांजवळ त्याची निसटण्याची प्रवृत्ती आदर्श मिश्रणाच्या मानाने सुमारे २.३ पट होते. ०.४३ गुणिले २.३ म्हणजे जवळजवळ एक. एवढ्यावर पाणी आणि एथेनॉल सारख्याच सहजतेने उकळतात.

प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त फसवतो तो थर्मामीटर. शुद्ध एथेनॉल ७८.३ अंशांना उकळते, अझिओट्रोप ७८.१५ ला. फरक ०.१५ अंशाचा. शिवाय आलेखाचा उजवा भाग इतका सपाट आहे, की दोन-तीन थरांच्या साध्या व्हिग्रो कॉलमच्या टोकाशी फक्त ८६ ते ८९ टक्के (वजनाने) एथेनॉलची वाफ असली तरी थर्मामीटर ७८.६ ते ७९ च्या दरम्यान स्थिर दिसतो. तेही संपूर्ण रिफ्लक्सवर, म्हणजे द्रवलेले सगळे कॉलममध्ये परत सोडले तर. ऊर्ध्वपातित झपाट्याने काढून घेतले, तर थर पुरते काम करत नाहीत आणि प्रमाण आणखी घसरते. थर्मामीटरचा फुगा बाजूच्या नळीच्या तोंडाच्या किंचित खाली नसेल, तर हा आकडाही चुकतो. फ्लास्कमधले एथेनॉल संपत आले की तिथला द्रव ८६.७ वरून ९५.५ अंशांकडे सरकतो. टोकाचे तापमान चढू लागले, की गोळा करण्याचे भांडे बदलायचे.

म्हणून मोजायची ती घनता. २० अंशांना शुद्ध एथेनॉलची घनता ०.७८९ आणि अझिओट्रोपची ०.८०२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. हा फरक चांगल्या घनतामापकाला सहज दिसतो. मात्र मुंबईत वर्षातला बराच काळ बाकावरचा नमुना ३० अंशांच्या आसपास असतो. त्या तापमानाला अझिओट्रोपची घनता सुमारे ०.७९४ भरते आणि ती २० अंशांच्या कोष्टकात पाहिली तर एथेनॉल साडेअठ्ठ्याण्णव टक्के वाटते. अझिओट्रोप ओलांडल्याचा शोध लागला असे कुणाला वाटलेच, तर आधी नमुन्याचे तापमान विचारावे. अपवर्तनांक या जोडीला चालत नाही. शुद्ध एथेनॉलकडे जाताना तो आधी वाढतो आणि मग उतरतो, त्यामुळे एकाच अपवर्तनांकाला दोन संघटने सापडतात. पाणी आहे की नाही एवढेच पाहायचे, तर निर्जल पांढरे कॉपर सल्फेट पुरते. ते निळे झाले की पाणी शिल्लक आहे.

दाबाचा प्रश्न गावागणिक वेगळा आहे. ७६० मिलिमीटरसाठी छापलेला आलेख मुंबईत जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो. पावसाळ्यात दाब हजार मिलिबारच्या आसपास, म्हणजे ७५० मिलिमीटरपर्यंत उतरतो आणि उत्कलनबिंदू सुमारे ०.३ अंशाने घसरतो. हा बदल अझिओट्रोप आणि शुद्ध एथेनॉल यांच्यातल्या फरकाच्या दुप्पट आहे. पुण्यात, साडेपाचशे मीटर उंचीवर, दाब ७१० मिलिमीटरच्या आसपास असल्याने तोच द्रव दीड-पावणेदोन अंश आधी उकळतो. आलेखाचा आकार फारसा बदलत नाही, पण सगळा आलेख खाली सरकतो. दाब खूपच कमी केला तर अझिओट्रोप उजवीकडे सरकत जातो आणि सुमारे ७० मिलिमीटरखाली नाहीसा होतो. तरीही या वाटेने कोरडे एथेनॉल बनवणे परवडत नाही. उजव्या टोकाशी दोन्ही वक्र एकमेकांना इतके चिकटलेले राहतात, की फार थर आणि फार रिफ्लक्स लागतो.

अझिओट्रोपच्या उजव्या बाजूला सुरुवात केली तर चित्र उलटते. वजनाने ९८ टक्के एथेनॉल १०० ग्रॅम घेतले, तर त्यात २ ग्रॅम पाणी असते. कॉलमच्या टोकाला पुन्हा अझिओट्रोपच जमतो, कारण सगळ्यात कमी तापमानाला उकळणारे तेच मिश्रण आहे. त्यात ४.४ टक्के पाणी असल्याने २ ग्रॅम पाणी आपल्यासोबत सुमारे ४३ ग्रॅम एथेनॉल घेऊन जाते आणि फ्लास्कमध्ये फार तर ५५ ग्रॅम शुद्ध एथेनॉल उरते. किमान उत्कलनाच्या अझिओट्रोपचा नियम हाच: टोकाला नेहमी अझिओट्रोप, तळाला सुरुवातीच्या बाजूचा शुद्ध घटक.

उरलेले पाणी म्हणून वेगळ्या मार्गाने काढतात. पूर्वी बेंझीन घालत. बेंझीन, एथेनॉल आणि पाणी यांचा तिघांचा अझिओट्रोप ६४.९ अंशांना उकळतो आणि पाणी वर घेऊन जातो. बेंझीन कर्करोगजनक असल्याने त्याची जागा सायक्लोहेक्झेनने घेतली. इंधनात मिसळायच्या एथेनॉलसाठी आता मॉलिक्युलर सिव्ह वापरतात. ३ अँगस्ट्रॉम छिद्रांच्या मण्यांमध्ये पाण्याचा रेणू शिरतो आणि एथेनॉलचा बाहेर राहतो. इथे वाफ-द्रव समतोलाशी संबंधच नसल्यामुळे वक्रांचा स्पर्श आड येत नाही.

याउलट जातीचे अझिओट्रोपही असतात, ज्यांत दोन वेगळे रेणू एकमेकांना घट्ट धरतात आणि वक्र वर टेकडी करतो. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पाणी हे ठळक उदाहरण: वजनाने २०.२ टक्के आम्ल, १०८.६ अंश. इथे अझिओट्रोप टोकाला न जाता फ्लास्कमध्ये साचतो. सौम्य आम्ल उकळले तर आधी बहुतेक पाणी जाते, तीव्र आम्ल उकळले तर आधी वायू निसटतो, आणि दोन्हीकडून मागे तेच २०.२ टक्क्यांचे आम्ल राहते. ते इतके खात्रीचे असते, की अनुमापनासाठी प्रमाण आम्ल म्हणून वापरता येते. अट एकच, गोळा करतानाचा दाब नोंदवायचा: ७६० मिलिमीटरला २०.२२ टक्के, ७३० ला २०.२९.