फोटोतला लपलेला मेटाडेटा: टाकण्याआधी काढणं आणि टाकल्यावर डिलीट करणं

फोनने किंवा कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये चित्रासोबत बरीच माहिती लिहिलेली असते, फोटो बघताना ती दिसत नाही पण फाइल हातात असली की कोणालाही वाचता येते. याला मेटाडेटा म्हणतात. फोटोंमध्ये तो बहुतेक वेळा एक्झिफ नावाच्या पद्धतीने साठवलेला असतो, ही पद्धत जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने १९९५ मध्ये आणली आणि आज जवळपास प्रत्येक कॅमेरा आणि फोन तीच वापरतो. जेपेग फाइलमध्ये हा भाग अगदी सुरुवातीला, चित्राच्या डेटाच्या आधी बसलेला असतो, म्हणजे तो कापून टाकला तरी चित्राच्या एका पिक्सेललाही धक्का लागत नाही आणि क्वालिटी जराही कमी होत नाही.

आत काय असतं? कंपनी आणि मॉडेलचं नाव, फोटो काढल्याची तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ, लेन्सची माहिती, कोणत्या सॉफ्टवेअरमधून फाइल गेली ते, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, कधीकधी कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं तेसुद्धा. बऱ्याच मोठ्या कॅमेऱ्यांमध्ये बॉडीचा सिरियल नंबरही असतो आणि त्याकडे लोकांचं फारसं लक्ष जात नाही, सगळे लोकेशनच्याच मागे असतात. खरं तर एका अकाउंटवर खऱ्या नावाने आणि दुसऱ्यावर टोपणनावाने टाकलेल्या फोटोंमध्ये तोच नंबर सापडला की दोन्ही अकाउंट एकाच माणसाची आहेत हे कळायला लोकेशनची गरजच उरत नाही.

लोकेशन किती नेमकं असतं हे समजायला २०१२ चं जॉन मॅकअफी प्रकरण बघावं, अँटिव्हायरसवाले तेच. शेजाऱ्याच्या खुनाच्या तपासात मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या देशाचे पोलीस त्याला चौकशीसाठी शोधत होते आणि तो लपून फिरत होता. व्हाइस या मासिकाचे लोक त्याच्यासोबत होते. ३ डिसेंबरला त्यांनी आपल्या साइटवर त्याचा एक फोटो टाकला, आम्ही त्याच्याबरोबर आहोत असं मिरवत, पण कुठे आहोत ते सांगितलं नव्हतं. फोटो आयफोन ४एसने काढलेला होता आणि मेटाडेटा तसाच राहिला होता. त्यात १५ अंश ३९ मिनिटं २९.४ सेकंद उत्तर आणि ८८ अंश ५९ मिनिटं ३१.८ सेकंद पश्चिम असं लोकेशन होतं. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशात मिळवलं की १५.६५८२ आणि ८८.९९२२ येतात, पश्चिम असल्यामुळे दुसऱ्याच्या आधी उणे चिन्ह लावायचं, आणि हे दोन आकडे कुठल्याही नकाशात टाकले की ग्वातेमालातल्या रिओ दुल्सेजवळची जागा समोर येते. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर साधारण ३१ मीटर, त्यामुळे सेकंदाचा दहावा भाग म्हणजे जेमतेम ३ मीटर. फोनचं जीपीएस स्वतःच काही मीटर इकडेतिकडे चुकतं हे धरलं तरी नुसता देश नाही, इमारत कळते.

वाचकांपैकी कोणीतरी फाइल उतरवून आतलं वाचलं आणि जाहीर केलं. मग साइटने तो फोटो काढून मेटाडेटा नसलेली प्रत लावली, पण तोपर्यंत आकडे सगळीकडे फिरत होते आणि मूळ फाइल किती जणांनी उतरवून ठेवली होती ते कोण मोजणार. मॅकअफीने आधी, हे आकडे मीच मुद्दाम खोटे घातलेत, असा पवित्रा घेतला, मग दुसऱ्या दिवशी ग्वातेमालात असल्याचं कबूल केलं आणि ५ तारखेला बेकायदा प्रवेशाबद्दल तिथल्या पोलिसांनी त्याला धरलं. फोटो बदलण्याचा निर्णय चूक नव्हता, फक्त तोपर्यंत त्याला काही अर्थ उरला नव्हता.

इथेच दोन्ही उपायांमधला खरा फरक दिसतो. आधी मेटाडेटा काढला तर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक प्रतीत ती माहिती नसतेच, मग ती प्रत कुठेही जावो. नंतर डिलीट केलं तर फक्त एका पत्त्यावरची एक प्रत जाते, आणि बहुतेक वेळा तीसुद्धा लगेच जात नाही. फोटो वेगाने उघडावा म्हणून मोठ्या साइट्स त्याच्या प्रती जगभरच्या सर्व्हरवर ठेवतात, या प्रतींना मुदत असते आणि मूळ पोस्ट उडवली तरी मुदत संपेपर्यंत किंवा कोणी मुद्दाम साफ करेपर्यंत त्या जुन्या लिंकवर उघडत राहतात. २००९ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी १६ साइट्सवर फोटो टाकले, फोटोच्या थेट लिंक जपून ठेवल्या आणि मग फोटो डिलीट केले, तर ३० दिवसांनंतरही ७ साइट्सवर त्या लिंक उघडत होत्या. आता परिस्थिती बरीच सुधारली आहे, पण गडबड होते ती अजूनही याच जागी, पोस्ट गेली तरी फाइल मागे राहते.

वर्डप्रेसवर चालणाऱ्या साइट्सचं उदाहरण घ्या. पोस्ट डिलीट केली तरी तिच्यातला फोटो मीडिया लायब्ररीत तसाच राहतो, तो वेगळा डिलीट करावा लागतो. त्यातही पानावर दिसते ती बहुधा छोटी केलेली प्रत, आणि ती छोटी करताना मेटाडेटा कधीकधी गळून पडतो. तसं झालं की पानावरचा फोटो सेव्ह करून तपासला तर साफ दिसतो आणि माणूस निश्चिंत होतो, पण अपलोड केलेली मूळ फाइल सर्व्हरवर सगळ्या माहितीसकट बसलेली असते, आणि छोट्या फाइलच्या नावातून -८००x६०० सारखा आकड्यांचा तुकडा काढला की तिची लिंक हाताला लागते. तपासायचं तर ही मूळ फाइल तपासायची.

विकिपीडियातले फोटो जिथे ठेवले जातात त्या विकिमीडिया कॉमन्सवर वेगळीच अडचण आहे. तिथे साफ केलेली फाइल जुन्या फाइलवर अपलोड करता येते, पण फाइलच्या इतिहासात जुनी आवृत्ती दिसत राहते आणि कोणालाही उघडता येते, ती लपवायला प्रचालकांना विनंती करावी लागते. शिवाय मेटाडेटाचा तक्ता तिथे फोटोखालीच छापलेला असतो, म्हणजे वाचणाऱ्याला काही खास टूलही लागत नाही. आणि मधल्या काळात वेबॅक मशीनसारख्या संग्रहाने पान टिपून ठेवलं असेल तर ती तिसरीच प्रत झाली.

एक गोष्ट मात्र घाबरण्याआधी बघून घ्यावी. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स म्हणजे आधीचं ट्विटर यांसारख्या मोठ्या साइट्स लोकांना दाखवायच्या प्रतीतून एक्झिफ काढतात, व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलं तरी निघून जातो. पण कंपनीच्या हातात मूळ फाइल गेलेलीच असते, त्यामुळे हे संरक्षण फक्त बाकीच्या लोकांपासूनचं. आणि तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून, ईमेलला जोडून किंवा क्लाउडची लिंक देऊन पाठवला तर सगळं जसंच्या तसं पोचतं, आणि गंमत अशी की क्वालिटी जाऊ नये म्हणून लोक नेमके याच मार्गांनी पाठवतात.

काढायचं कसं, तर कॉम्प्युटरवर एक्झिफटूल हा फुकट प्रोग्राम सगळ्यात भरवशाचा. आधी फोटोच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून आत काय आहे ते बघायचं:

```
exiftool -a -G1 -s photo.jpg
```

यादीत GPSLatitude, SerialNumber, Model अशा ओळी दिसतील. मग सगळं काढायचं, पण नुसतं `-all=` दिलं तर दोन उपयोगी गोष्टीही जातात, एक म्हणजे फोटो उभा की आडवा हे सांगणारी नोंद आणि दुसरं रंगांचं प्रोफाइल, मग फोटो आडवा पडतो किंवा रंग फिके दिसतात आणि वैतागून लोक परत मूळ फाइलच टाकून मोकळे होतात. म्हणून त्या दोन्ही राखून:

```
exiftool -all= -tagsfromfile @ -orientation -icc_profile photo.jpg
```

हे केल्यावर पहिली कमांड पुन्हा चालवायची. फाइलचा आकार, लांबी-रुंदी अशा ओळी तेव्हाही दिसतील, त्या चित्रावरूनच काढलेल्या असतात, त्यांनी घाबरायचं कारण नाही, GPS ने सुरू होणारी ओळ आणि सिरियल नंबर मात्र दिसता कामा नये. आणि बाजूला photo.jpg_original नावाची फाइल तयार झालेली असते, ती म्हणजे सगळ्या माहितीसकटचं मूळ, अख्खा फोल्डर अपलोड करणाऱ्यांकडून तीही सोबत जाते.

फक्त लोकेशनच उडवणारी टूल्स जपून वापरावीत, कारण एडिटिंग सॉफ्टवेअर बऱ्याचदा तीच माहिती एक्सएमपी नावाच्या दुसऱ्या भागात पुन्हा लिहून ठेवतं, मग एक्झिफमधलं गेलं तरी तिथलं राहतं. फोटो क्रॉप करणाऱ्यांनी अजून एक बघावं: एक्झिफमध्ये छोटा थंबनेलही असतो आणि काही जुन्या एडिटरनी क्रॉप केल्यावर तो बदललेलाच नसायचा, म्हणजे कापून टाकलेला चेहरा थंबनेलमध्ये तसाच. वरची कमांड थंबनेलही काढते.

फोनवर काम सोपं आहे. आयफोनमध्ये फोटो निवडून शेअर दाबलं की वर ऑप्शन्स येतं, तिथे लोकेशन बंद करता येतं, पण मॉडेल आणि वेळ त्याने जात नाही. अँड्रॉइड १० पासून अ‍ॅपला फोटोतलं लोकेशन वाचायला वेगळी परवानगी लागते, नसेल तर सिस्टीम ते झाकून फाइल देते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद केलं तर पुढच्या फोटोंमध्ये ते लिहिलंच जात नाही, जुन्यांमध्ये मात्र तसंच राहतं. स्क्रीनशॉट घेऊन तो टाकला तरी मूळ फोटोचं लोकेशन जातं, हा घाईतला उपाय चालतो, फक्त चित्र बारीक होतं.

आधीच पोस्ट होऊन गेलं असेल तर पहिल्यांदा फोटोची थेट लिंक कॉपी करून ठेवावी, डिलीट केल्यावर ती सापडत नाही आणि मग फाइल खरंच गेली की नाही हे तपासायला काही उरत नाही. लोकांना जी प्रत मिळते तीच उतरवून एक्झिफटूलने तपासावी. त्यात काही नसेल तर लोकेशनसाठी डिलीट करायची गरज नाही. असेल तर पोस्ट आणि फाइल दोन्ही काढावं, आणि लॉगिन नसलेल्या ब्राउझरमधून जपून ठेवलेली लिंक उघडून बघावी, दुसऱ्या दिवशीही. तरीही उघडत असेल तर साइट चालवणाऱ्याला ती लिंक देऊन कॅशमधून, म्हणजे सर्व्हरवरच्या त्या मुदतीच्या प्रतींमधून, साफ करायला सांगता येतं. कोणी उतरवून घेतलेल्या प्रतीपुढे यातलं काही चालत नाही.

मेटाडेटा काढल्यावरही काही खुणा राहतात. फाइलच्या नावातच बऱ्याचदा तारीख आणि वेळ असते, IMG_20240512_183045.jpg असं, ते एक्झिफ नसल्यामुळे टूल त्याला हात लावत नाही, नाव स्वतः बदलावं लागतं. दुकानाची पाटी, खिडकीतून दिसणारी इमारत हे तर चित्रच आहे. आणि प्रत्येक सेन्सरचे पिक्सेल प्रकाशाला किंचित वेगवेगळा प्रतिसाद देतात, हा ठसा फोटोच्या पिक्सेलमध्येच उतरलेला असतो आणि त्याच कॅमेऱ्याचे बाकीचे फोटो मिळाले तर त्यावरून कॅमेरा ओळखता येतो हे न्यायवैद्यक संशोधकांनी २००६ च्या सुमारास दाखवून दिलं आहे.