वक्तृत्व स्पर्धेतली दोन मिनिटं आणि आयेल्ट्सची दोन मिनिटं

सोलापुरात माझ्याकडे आयेल्ट्स या परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेतल्या स्पीकिंगच्या, म्हणजे बोलण्याच्या चाचणीच्या सरावाला येणाऱ्यांत एक ठरावीक गट असतो: शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेली मुलं. 12 जानेवारीला सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर भाषण केलेली, शिक्षकदिनी माइक सोडत नसलेली. ‘बोलायचं काही नाही, मॅडम, फक्त इंग्रजी बघा,’ असं घरचे सांगतात. आणि हीच मुलं परीक्षेत विषय लिहिलेलं क्यू कार्ड हातात आलं की पाऊण मिनिटात थांबतात. ‘दिलेल्या विषयावर दोन मिनिटं बोला’ हे वाक्य दोन्हीकडे सारखं दिसतं म्हणून लोक ते एकच काम समजतात. ते एक नाही, हे सांगून सांगून मी थकले आहे.

वक्तृत्व तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. विषय मिळतो, सुरुवातीला एखादी ओळ, मग तीन मुद्दे, आवाज चढवत समारोप, टाळ्या. समोर शंभर माणसं असतात.

आयेल्ट्सच्या स्पीकिंगच्या दुसऱ्या भागात समोर एकच परीक्षक असतो. तो कार्ड देतो. त्यावर विषय आणि त्याखाली तीन-चार उपप्रश्न असतात. एक मिनिट तयारीला, कागद-पेन्सिल मिळते, मग एक ते दोन मिनिटं बोलायचं. दोन मिनिटं झाली की परीक्षक मधेच थांबवतो. समारोप राहिला म्हणून कोणी गुण कापत नाही, तेव्हा समारोप पाठ करू नका. ‘रिस्पेक्टेड एक्झामिनर’ म्हणून उभं राहू नका, सुविचाराने सुरुवात करू नका. मला तर ते ऐकवत नाही. हातवारे, उभं-बसणं हे फरक किरकोळ आहेत.

खरा घोळ पुढे आहे. वक्तृत्वात विषय वर न्यायचा असतो. ‘माझी आई’ म्हटलं की आपण मातृत्वावर जातो, ‘माझं गाव’ म्हटलं की ग्रामीण भारतावर. क्यू कार्ड बरोबर उलटं मागतं. ते एक वस्तू, एक माणूस, एक दिवस मागतं. तिथे विषय खाली न्यावा लागतो.

मागच्या वर्षी सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरांच्या वस्तीतली एक मुलगी यायची, नर्सिंग झालेली, इंग्लंडला जायचं होतं. कार्ड होतं: तुमच्या भागात तयार होणाऱ्या एखाद्या वस्तूचं वर्णन करा; ती काय आहे, कशी वापरतात, तुमच्याकडे कशी आली, तुम्हाला ती का आवडते. वडील यंत्रमागावर कामाला, म्हणजे विषय घरचाच. ती इंग्रजीत जे बोलली त्याचं मराठी असं: ‘सोलापूरची चादर सगळीकडे प्रसिद्ध आहे. ती फार टिकाऊ असते. वर्षानुवर्षं फाटत नाही. ती आमच्या शहराची ओळख आहे. सोलापूर म्हटलं की चादर आठवतेच. आम्हाला तिचा अभिमान आहे.’ मग परत टिकाऊ, परत प्रसिद्ध. 42 सेकंदांनी म्हणाली, ‘मॅडम, संपलं की.’

तिला वाटलं मुद्दे कमी पडले, आता गिरण्यांचा इतिहास वाचायला हवा. मी नको म्हणाले. वाक्यं जोडीने बघा: ‘टिकाऊ’ आणि ‘फाटत नाही’ एकच, ‘ओळख’ आणि ‘आठवते’ एकच. ही पुनरुक्ती शब्द कमी पडल्यामुळे आलेली नाही. कौतुकाच्या वाक्याला पुढचं वाक्य नसतं. ‘चादर प्रसिद्ध आहे’ यानंतर काय घडलं, असं विचारता येत नाही. म्हणून तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत परत येतं. स्पर्धेत हे खपतं, कारण आवाज चढत जातो आणि लोक आवाज ऐकत असतात. इथे परीक्षक ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार या चार गोष्टी मोजतो. तेच ते बोलणं ओघात लगेच कळतं. विचार किती थोर आहे, याला स्वतंत्र गुणच नाहीत.

मी तिला विचारलं, तुझ्या अंथरुणावर कुठली चादर आहे? मग खरी गोष्ट निघाली. लाल, मोराच्या नक्षीची. काठाला विणीत चूक होती म्हणून तो नग विक्रीला गेला नाही, वडिलांनी घरी आणला. पुण्याला हॉस्टेलवर जाताना आईने ती बॅगेत कोंबली. पहिल्याच धुण्यात रंग गेला आणि पांढरा गणवेश गुलाबी झाला. वॉर्डात सिस्टरांनी बोलून घेतलं. आता ती इंग्लंडला न्यायची आहे, पण आई म्हणते वजन होतं, तिथे रजई मिळते.

तयारीच्या मिनिटात तिने एवढंच लिहिलं: लाल मोर, चुकलेला काठ, हॉस्टेल, गुलाबी गणवेश, आई-वजन. पाचच नोंदी, एकही पूर्ण वाक्य नाही. पूर्ण वाक्यं लिहीत बसलं की दोन वाक्यांत मिनिट संपतं आणि मग मुलं ती वाचून दाखवतात. या पाच नोंदींवर ती दोन मिनिटं भरून बोलली, मीच थांबवलं. दोन मिनिटांना आपल्या वेगाने साधारण 200 ते 250 शब्द लागतात, म्हणजे एका नोंदीला चार-पाच वाक्यं. प्रसंगात वेळ पुढे सरकतो, म्हणून पुढचं वाक्य आपोआप येतं. शिवाय चादर आणली तेव्हाचा भूतकाळ, रोज पांघरते तो वर्तमान, नेणार आहे तो भविष्यकाळ, असे काळ बदलत गेले आणि व्याकरणाची बाजूही सांभाळली गेली. उपप्रश्नांची उत्तरं वाटेत येऊन गेली. ते प्रश्नोत्तरांसारखे एकेका वाक्यात उरकले की अर्ध्या मिनिटात माणूस मोकळा होतो.

आपण घसरतोय हे बोलता बोलता ओळखायची एक खूण आहे. आत्ताचं वाक्य चादरीऐवजी शेंगाचटणीला जसंच्या तसं लागू होतंय का? ‘सगळीकडे प्रसिद्ध आहे’ लागू होतं. ‘गणवेश गुलाबी झाला’ होत नाही. लागू होत असेल तर पुढचं वाक्य ‘एकदा’ किंवा ‘मागच्या वर्षी’ने सुरू करा.

अनुभवच नसेल तर? मावशीचा अनुभव स्वतःचा म्हणून सांगा, खरंखोटं कोणी तपासत नाही. पूर्ण बनवून मात्र सांगू नका, कारण बनवलेल्या चादरीला काठ नसतो. तिसऱ्या वाक्याला पुन्हा ‘छान’ आणि ‘प्रसिद्ध’ सुरू होतं.

हे सगळं दुसऱ्या भागापुरतं. लगेच येणाऱ्या तिसऱ्या भागात चार-पाच मिनिटं चर्चा असते आणि तिथे प्रश्न मुद्दाम व्यापक असतात: हातमागाच्या वस्तू कमी का होत चालल्या, तरुण घरचा धंदा का सोडतात. तिथे तीच मुलगी मोराच्या नक्षीवर अडकून बसली. तेव्हा तिला सांगितलं, आता काढ ते तुझं शाळेतलं भाषण. गिरण्या, पूर्व भागातले माग, स्वस्त कापड, पुण्याला गेलेली मुलं. या वेळी ते जागेवर बसलं.