गाय म्हणजे ‘अ-गाय नव्हे ते’

दोन वर्षांचं पोर गोठ्यापाशी म्हशीकडे बोट दाखवून म्हणतं, ‘गाय!’ आजी म्हणते, ‘अरे, ती म्हैस.’ उद्या ते बैलाला गाय म्हणतं, पुन्हा ‘नाही रे’ ऐकतं. गाय या शब्दाची हद्द त्याला कळते ती बरीचशी अशा नकारांतून.

सहाव्या शतकातल्या दिङ्‌नाग या बौद्ध तर्कशास्त्रज्ञाचं म्हणणं याच्या जवळपास जातं. न्यायदर्शनाचे पंडित, म्हणजे नैयायिक, सांगत, सगळ्या गायींमध्ये ‘गोत्व’ नावाची एक खरीखुरी, नित्य गोष्ट असते आणि शब्द तिच्याकडे बोट दाखवतो. बौद्धांना असं नित्य काही मान्यच नव्हतं. त्यांच्या मते जगात असतात त्या फक्त वेगवेगळ्या, क्षणिक वस्तू. दिङ्‌नागाने शब्दाला अनुमानाच्या पंगतीत बसवलं. धुरावरून विस्तव आहे एवढं कळतं. ज्वाळा केवढी, धग किती, ते कळत नाही. तसंच ‘गाय’ म्हटल्यावर ती कपिला की काळी, हे समजत नाही. घोडा नव्हे, म्हैस नव्हे, एवढं पक्कं होतं. या वगळण्याला नाव ‘अपोह’.

वेद प्रमाण मानणाऱ्या मीमांसा परंपरेतल्या कुमारिल भट्टाने सातव्या शतकात यातली फट नेमकी हेरली. ‘अ-गाय’ वगळायची, तर अ-गाय म्हणजे काय ते आधी ठाऊक हवं. त्यासाठी गाय ठाऊक हवी. मग गाय कळायची कशी? आक्षेप खरोखर अवघड आहे, शब्दच्छल नव्हे.

उत्तर दिङ्‌नागाच्याच परंपरेतल्या धर्मकीर्ती या बौद्ध तत्त्वज्ञाने दिलं, आणि मला त्यातलं औषधाचं उदाहरण फार आवडतं. गुळवेलीसारख्या निरनिराळ्या वनस्पती ताप उतरवतात, कधी एकेकट्या, कधी मिळून. पण म्हणून त्या सगळ्यांत ‘तापहारकत्व’ नावाचा एकच पदार्थ भरलेला असतो असं मानायची गरज नाही. वेल वेगळी, मूळ वेगळं. काम तेवढं एक. जी हे काम करत नाहीत ती बाजूला काढली, की उरलेल्यांना एक नाव देता येतं. गायींचंही तसंच: प्रत्येक गाय निराळी, पण त्या पाहून मनात ‘ही तीच’ असा सारखाच निवाडा उठतो. वर्तुळ तुटतं ते इथे. वगळण्याची सुरुवात शब्दापासून होत नाही, वस्तूंच्या परिणामापासून होते.

पण विरोधक इथेही थांबत नाहीत. या रुग्णाचा उतरलेला ताप आणि त्या रुग्णाचा उतरलेला ताप, हे तरी ‘एकच काम’ कशावरून? दोन घटना वेगळ्याच की! त्यांना एक म्हणायला पुन्हा समान काहीतरी लागणार. धर्मकीर्ती म्हणतो, ते परिणामही निरनिराळेच, पण आपण त्यांच्याकडे एकाच नजरेने पाहतो. आणि वस्तू असा निवाडा का उठवतात, तर तो त्यांचा स्वभाव. डोळा रूप दाखवतो, कान दाखवत नाही. तिथे तरी आपण आणखी कुठलं कारण देतो?