मॉडेल शीट

अ‍ॅनिमेशनमधलं एखादं पात्र वेगवेगळ्या हातांनी काढलं तरी एकच दिसावं म्हणून बनवलेला संदर्भ-कागद म्हणजे मॉडेल शीट. त्यात पात्र चारी बाजूंनी फिरवून दाखवलेलं असतं (याला टर्नअराउंड म्हणतात), आणि चेहऱ्यावरचे भाव वेगळे काढलेले असतात.

ही पद्धत नेमकी कोणी सुरू केली हे एका नावावर टाकणं कठीण आहे, कारण कामाची विभागणी झाली तिथे असे कागद आपोआप फिरायला लागले असणार. स्वतंत्र खातं म्हणून मात्र डिस्नेचं नाव घ्यावं लागतं: 1930 च्या दशकाच्या शेवटी जो ग्रँट यांच्या हाताखाली कॅरेक्टर मॉडेल विभाग उभा राहिला, पसंत पडलेल्या शीटवर त्यांचा ‘ओके, जे.जी.’ असा शेरा असे, आणि कागदावर न कळणारी खोली समजावी म्हणून तिथे मातीच्या छोट्या मूर्तीही बनवत.

बग्ज बनीचं तर नावच मॉडेल शीटवरून आलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. 1939 मध्ये चार्ली थॉर्सन यांनी दिग्दर्शक बेन हार्डवे यांच्यासाठी एका सशाची शीट काढली, हार्डवेंचं टोपणनाव बग्ज, म्हणून शीटवर लिहिलं ‘बग्जचा ससा’, आणि तेच पुढे चिकटलं. पण तो ससा आजच्या बग्जसारखा दिसत नाही, 1940 मध्ये बॉब गिव्हन्स यांनी नवी शीट काढली आणि 1943 मध्ये रॉबर्ट मॅकिम्सन यांनी परत एक. ‘बग्ज कोणी बनवला’ हा वाद त्यामुळेच मिटत नाही. नाव 1939 च्या शीटवरचं आणि रूप मुख्यतः 1943 चं, असं म्हणणं जास्त पटतं.

टर्नअराउंडमध्ये साधारण पाच चित्रं असतात: समोरून, थ्री-क्वार्टर म्हणजे समोर आणि बाजू यांच्या मधल्या कोनातून, बाजूने, मागून थ्री-क्वार्टर, पाठमोरं. माप डोक्याचं. समजा साडेतीन डोकी उंचीची एक मुलगी आहे, केसांचा भांग तिच्या डाव्या बाजूला, झोळी उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला. आधी समोरचं चित्र पक्कं करायचं, मग डोळे, हनुवटी, खांदा, कंबर, गुडघा, पाऊल यातून आडव्या रेघा कागदभर ओढायच्या आणि बाकीची चित्रं त्याच रेघांवर बसवायची. दुसरं चित्र बाजूचं काढतात, कारण नाक किती पुढे आणि डोकं मागे किती हे तिथेच ठरतं. थ्री-क्वार्टर सगळ्यात शेवटी. ते समोरच्या आणि बाजूच्या चित्राची सरासरी काढून जमत नाही, लांबचा गाल आणि लांबचा डोळा किती अरुंद होतो हे वरून पाहिल्यासारखं डोक्याचं एक कच्चं वर्तुळ काढूनच कळतं.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो आरशामुळे. वेळ वाचवायला कोणीतरी थ्री-क्वार्टर चित्र उलटं करून वापरतं आणि झोळी उजव्या कमरेला जाते, भांगही पलटतो. म्हणून शीटवर ‘डावीकडे’ असं लिहू नये, ‘तिचा डावा’ असं लिहावं. तिची डावी कमर समोरून बघताना आपल्या उजवीकडे येते आणि पाठमोरी असताना आपल्या डावीकडे.

काही पात्रं तर खऱ्या जगात फिरवताच येत नाहीत. मिकी माउसचे कान कुठूनही बघितले तरी गोलच दिसतात, डोकं फिरतं तसे ते डोक्यावरून सरकतात. 1941 च्या आसपास हे कान खऱ्या वस्तूसारखे वळवून पाहिले गेले, पण ते टिकलं नाही. अशा पात्राच्या शीटवर कान प्रत्येक कोनात कुठे येतात ते वेगळं दाखवावंच लागतं, रेघांवरून ते कळत नाही.

भावांच्या चित्रांत कवटी स्थिर, जबडा हलता, हा नियम. आश्चर्याने तोंड उघडलं की हनुवटी खाली गेलीच पाहिजे, नाहीतर तोंड चेहऱ्यावर चिकटवलेल्या स्टिकरसारखं दिसतं आणि नवशिक्यांची शीट इथेच ओळखू येते. राग काढताना भुवई डोळ्याच्या वरच्या कडेवर दाबली जाते, नुसती तिरकी करून भागत नाही. तपासायची सोपी युक्ती म्हणजे शांत चेहरा आणि भावाचा चेहरा लाइट बॉक्सवर, म्हणजे खालून उजेड असलेल्या काचेवर, एकावर एक ठेवायचे: कवटीची वरची रेघ जुळली नाही तर डोकंच मोठं झालंय.

या शीटची एक मर्यादा लक्षात ठेवावी. टर्नअराउंड डोळ्याच्या पातळीवरचं असतं, म्हणून पावलं एका रेघेवर येतात. कॅमेरा वर किंवा खाली गेला की या रेघा वाकतात आणि शीटमधलं चित्र जसंच्या तसं छापता येत नाही. छापलं तर पात्र ओळखू येतं पण पुतळ्यासारखं उभं राहतं.

भारतात ही शिस्त मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागातून आली असं धरायला हरकत नाही. डिस्नेचे अ‍ॅनिमेटर क्लेअर वीक्स 1956 मध्ये तिथे शिकवायला आले होते आणि पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक मानले गेलेले राम मोहन त्यांच्याकडेच शिकले.