९५० च्या रोख्याचा खरा परतावा

“१,००० चा रोखा ९५० ला मिळाला, व्याज ८ टक्के. ८० भागिले ९५०, म्हणजे ८.४२ टक्के सुटतात ना?”

काका, तो चालू परतावा झाला. बऱ्याचदा हाच हिशेब सांगितला जातो, पण त्यात मुदतीअंती मिळणारे जादा ५० रुपये धरलेलेच नाहीत. तुमच्या रोख्याची ३ वर्षे उरली आहेत. म्हणजे दर सहामाहीला ४० रुपये, असे ६ हप्ते, आणि शेवटच्या हप्त्यासोबत १,०००. या सगळ्या रकमांची आजची किंमत ९५० भरेल, तो दर शोधायचा.

सहामाही ५ टक्के धरून बघा: हप्त्यांचे २०३.०३, मुद्दलाचे ७४६.२२, एकूण ९४९.२५. किंमत जरा कमी आली, म्हणजे दर जरा जास्त धरला गेला. ४.९ टक्क्यांना ९५४.१७ येतात. उत्तर या दोहोंमध्ये, ४.९८ च्या आसपास. दुप्पट केली की वर्षाला साधारण ९.९७ टक्के. एक्सेलमध्ये:

```
=RATE(6,40,-950,1000)*2
```

९५० पुढचं वजाचं चिन्ह विसरू नका, नाहीतर उत्तराऐवजी #NUM! अशी चूक दिसते. आणि हा आकडा खरा ठरायला रोखा मुदतीपर्यंत ठेवावा लागतो, हप्तेही त्याच दराने पुन्हा गुंतवावे लागतात.