मोटर चोरीला गेली, की लाईन आली नाही?

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही पाच मित्र. एकाकडे बरा कॅमेरा असलेला फोन. ऑक्टोबरच्या मधल्या शनिवारपासून वेब सिरीज काढायची ठरली. पुण्याला कामाला असलेला एक जण शनिवार-रविवारीच गावी येणार, म्हणून तेच दिवस. पहिल्या रात्री पानठेल्यावर दोन कल्पना समोर आल्या. दोन्ही एकाच विहिरीवरच्या, दोन्हींत तेच दोन चुलतभाऊ, गजू आणि भाऊ, तीच सामाईक मोटर.

पहिली : दोघांची मोटर रातोरात चोरीला जाते. चोर कोण?

दुसरी : दोघं विहिरीवर बसून थ्री फेज लाईन यायची वाट पाहतात.

चार जणांनी पहिलीला हात वर केला. सस्पेन्स आहे ना! दुसरीवर एक जण म्हणाला, "याच्यात होते काय बाप्पा? दोन माणसं बसून रायते नुसती." मीही पहिलीच्याच बाजूनं होतो. वेब सिरीज काढायला निघालेली बहुतेक मंडळी इथंच फसतात, कारण दोन्ही कल्पना एका ओळीत सांगता येतात आणि सांगताना पहिली जास्त रंगते.

फरक असा की पहिली गोष्ट आहे आणि दुसरी बैठक. लिहिणारे तिला प्रिमाइस म्हणतात, आम्ही आपसात बैठकच म्हणतो. गोष्टीत एक प्रश्न असतो आणि उत्तर मिळालं की ती आटोपते. चोर सापडला की सहाव्या भागानंतर सातवा काढायला कारण उरत नाही. बैठक रोज नव्यानं भरते. लाईन काल आली म्हणून आज येईलच असं नाही, त्यामुळे उद्या दोघं पुन्हा त्याच बाभळीखाली. शिवाय दोघांचं पटत नाही. पाणी आधी कोणाच्या हरभऱ्याला, हा वाद दोघांच्या बापांपासूनचा. उठून जाता येत नाही आणि एकमेकांना सहनही करता येत नाही, एवढ्यावर बैठक चालते.

ओळखायचं कसं? चार भाग न लिहिता थेट पाचव्या भागाची एक ओळ लिहून पाहायची. मोटरचोरीचा पाचवा भाग आम्हाला लिहिताच येईना. भंगारवाल्यानं तिसऱ्या भागात काय सांगितलं, ते ठरल्याशिवाय पाचवा हलत नव्हता. तिसरा आणि चौथा लिहायला बसलो तर त्यात भाऊ याच्याकडे जातो, मग त्याच्याकडे जातो, एवढंच. ताणलेल्या गोष्टीची हीच खूण आहे, मधले भाग नुसते चालण्यात जातात. लाईनच्या कल्पनेत मात्र ओळी सुचतच गेल्या. गजूला पाहायला पाहुणे थेट शेतात येतात आणि तो अख्खी विहीर आपलीच असल्याचं सांगतो, भाऊ तिथंच बसलेला. पीक विम्याचा माणूस नुकसान मोजायला येतो आणि नेमकं त्याच दिवशी पीक जोमात दिसतं. लाईनमन येतो, सीताफळं खातो, निघून जातो.

इथं एका मित्रानं बरोबर खोट काढली. "ऑटो बसवला का संपली ना तुमची सिरीज!" आता बऱ्याच विहिरींवर स्टार्टरला ऑटो असतो, लाईन आली की मोटर आपोआप सुरू होते. मग कोणी बसून कशाला राहील? आम्ही उत्तर शोधलं ते ओलितात. दांडाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला माणूस लागतोच. ठिबक असतं तर कल्पना खरंच मेली असती, म्हणून आमच्या दोघांकडे ठिबक नाही आणि ते का नाही, यावरून एक भांडणही निघालं. बैठक अशीच ठोकून पाहावी लागते. पाहणारे शेतकरी आहेत, पहिल्याच मिनिटाला हाच प्रश्न विचारतील. सौर फिडर आलेल्या, रोज दिवसाच लाईन असलेल्या गावात तर ही कल्पना चालायचीच नाही.

इथवरचं सगळं कागदावर होतं. खरा फरक फोन हातात घेतल्यावर कळला, कारण पहिल्या शनिवारी बहुमतानं आम्ही मोटरचोरीचंच शूट केलं.

भंगाराच्या दुकानातला प्रसंग, भाऊ आणि भंगारवाला समोरासमोर. कागदावर तीन पानं, म्हणजे अंदाजे तीन मिनिटं. कॅमेरा एकच, म्हणून आधी दोघं एकत्र दिसतील असा पूर्ण प्रसंग, मग तोच अख्खा प्रसंग भाऊच्या चेहऱ्यावर, मग पुन्हा भंगारवाल्याच्या चेहऱ्यावर. चुका धरून सकाळी नऊला लागलो ते दुपारी दोनला सुटलो. रात्री जोडून पाहिलं तर भाऊच्या चेहऱ्यावर सकाळचं तिरपं ऊन आणि त्याच्याशी बोलणाऱ्या भंगारवाल्याच्या डोळ्यांखाली भर दुपारची काळी सावली. बोलणं एक, वेळा दोन. मोटरचोरीत असे चौकशीचे प्रसंग नऊ होते, जागा सात आणि माणसं अकरा. वर चोरीची रात्र वेगळीच. फोनचा कॅमेरा अंधारात नुसते दाणे दाखवतो.

वाट पाहणारी माणसं मात्र एकमेकांकडे पाहत नाहीत. दोघंही शेजारी बसून एकाच दिशेला पाहतात, आमच्या कथेत स्टार्टरच्या पेटीकडे. त्या पेटीवर तीन फेजचे तीन दिवे, लाल, पिवळा आणि निळा. फोन पेटीच्या शेजारी स्टँडवर लावला की दोघांचे चेहरे एकाच चौकटीत समोरून मिळतात. चेहरे वेगवेगळे घ्यायची गरजच नाही. तीन मिनिटांचा प्रसंग सलग एकदा, फार तर चार वेळा. फोकस आणि उजेड आधी स्क्रीनवर बोट दाबून लॉक करायचा, नाहीतर मागून ढग गेला की चित्र आपोआप उजळतं-मंदावतं. दिव्यांचा जवळून घेतलेला शॉट सुरुवातीला फडफडत होता. आपली वीज 50 सायकलची, म्हणून सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवल्यावर तो शांत झाला.

या तीन दिव्यांनी आम्हाला कोणत्याही सस्पेन्सपेक्षा जास्त दिलं. दोन लागले आणि तिसरा नाही लागला तर मोटर चालवायची नाही, जळते.

"भाऊ, दोन लागले. तिसरा काऊन नाही लागून रायला?"

"पाहू नको बे त्याच्याकडं. लाजते थो."

दुसरा फरक रानानं दाखवला. ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी सोयाबीन उभं असतं आणि पुढच्या शनिवारी तिथं नुसती धसकटं असतात. मोटरचोरीची गोष्ट तीन दिवसांत घडते, त्यामुळे मागचं पीक असं गायब झालं की चूक चटकन दिसते. दाढी वाढली, कापूस वेचला गेला, तरी तेच. लाईनच्या बैठकीत प्रत्येक भाग वेगळ्या दिवशीचा असतो. पहिल्या भागात सोयाबीन, दुसऱ्यात धसकटं, चौथ्यात हरभऱ्याचे कोंब. ज्यानं गोष्ट मोडली असती, त्यानंच इथं दिवस गेल्याचं आपोआप सांगितलं. आमच्यापैकी कोणी ते लिहिलंही नव्हतं.

आवाजाची गंमत मात्र दोन्हींत सारखीच. बोलणं दुसऱ्या एका फोनवर, गजूच्या खिशात, सुरुवातीला एक टाळी वाजवून, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतो. पण शेजारच्या वावरातली मोटर सुरू झाली की सगळं वाया. आमच्या फिडरवर शेतीची लाईन आठवडा आठवडा पालटते, कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून बोलण्याचे प्रसंग रात्रपाळीच्या आठवड्यात घेतले, तेव्हा दिवसभर शिवार शांत असतं. दिवसपाळीच्या शनिवारी बिनबोलण्याचे शॉट घेतले : पाणी दांडात वळतं, पाय चिखलात रुततात, तिन्ही दिवे खरोखर लागतात. लाईनची वाट पाहणाऱ्यांची सिरीज लाईन नसतानाच घ्यावी लागली.

आता वेळेचा हिशोब. सकाळचं ऊन साडेदहापर्यंत, मग साडेतीनपासून संध्याकाळपर्यंत. नवशिक्यांना एवढ्या वेळात दिवसाला चार-पाच पानं जमतात. पाच मिनिटांचा भाग म्हणजे पाच पानं, म्हणजे बैठकीचा एक भाग एका दिवसात पुरा होतो. मोटरचोरीचे सहा भाग म्हणजेही तीसच पानं. पण तिथं एकाच जागेचे सगळ्या भागांतले प्रसंग एकदम घ्यावे लागतात, त्यामुळे शेवटच्या रविवारपर्यंत एकही भाग पूर्ण होत नाही. तिसऱ्या आठवड्यात गजूचं काम करणारा आमचा पुण्यातला मित्र सुट्टी न मिळाल्यानं आलाच नाही. मोटरचोरी असती तर हातात तुकडे उरले असते. बैठकीचे तोवरचे भाग जोडून तयार होते. त्या आठवड्यात भाऊ एकटाच बसला आणि गजू फोनवरून भांडला.

बैठकीचीही एक कमजोरी आहे, ती लपवत नाही. दोन-तीन भागांनंतर पाहणाऱ्याला वाटतं, पुढं काहीच सरकत नाही. त्यासाठी आम्ही एक बारीक धागा ठेवला : विहिरीची नोंद कोणाच्या सातबाऱ्यावर आहे, हे दोघांपैकी एकालाच माहीत. पण तो प्रत्येक भागाच्या शेवटच्या मिनिटातच ठेवला. सहाही भागांची ती शेवटची मिनिटं एकाच रविवारी, शर्ट बदलून बदलून घेतली. जवळून घेतली, म्हणजे मागं रान दिसायला नको. धागा सगळ्या भागांभर पसरवला असता, तर आम्ही फिरून गोष्टीच्याच अडचणींत आलो असतो.

मोटरचोरी फेकून द्यायची कल्पना नव्हे. जागा सातच्या दोन केल्या आणि चौकशी कापली, तर बारा मिनिटांचा एक लघुपट दोन आठवड्यांत निघतो, आणि तो बहुधा आमच्या सिरीजपेक्षा जास्त पाहिला जाईल. पण ती त्या मापाची आहे. आमच्यातल्या एका मित्राला हे पटत नव्हतं, त्याला चोरी हवीच होती. शेवटी ती पाचव्या भागात गेली. सकाळपासून दोघं बसले आहेत, पाळीवरून भांडून बोलणं बंद, मध्ये वीतभर अंतर. लाल लागतो. पिवळा लागतो. बऱ्याच वेळानं निळा लागतो. गजू धावत जाऊन बटण दाबतो, दांडाकडे पाहतो. पाणी येत नाही. भाऊ उठून विहिरीत वाकून पाहतो, आणि दिवसभरात पहिल्यांदा त्याच्याशी बोलतो.

"गजू, मोटर कुठं हाय बे?"